मामा, ‘नाही’ पुढच्या कार्डावर जाऊ देऊ नका

*ताई नमस्कार. मी जुळे सोलापूरला राहतो, वय ६१. भाचीचं रिसेप्शन पुढच्या महिन्यात आहे, होटगी रोडला लॉनवर, रात्री. जावई सोलापूरच्याच पूर्व भागातले, तेलुगू घर. दोघं बंगळुरूला नोकरीला, तिथल्या मित्रमंडळींनी ठरवलंय की ग्लास वर करून टोस्ट करायचा आणि पहिला टोस्ट मामाचा. मी दोन फुलस्केप पानं लिहून काढली, पण उभं राहून वाचायला घेतलं की ओळ हरवते, हात थरथरतो. जवळचा चष्मा लावला की माणसं दिसत नाहीत, काढला की अक्षर दिसत नाही. मोबाईलवर घेतलं तर मधेच स्क्रीन बंद होते. मुलगा म्हणतो मोठ्या अक्षरात कार्डं करा, छोट्या ओळी आणि थांबायच्या खुणा टाकून. नक्की कसं करायचं? एक पान सोबत पाठवतोय.*
*तुमचा एक वाचक मामा*

मामा नमस्कार,

आधी माझी फजिती ऐका. मी वीस वर्षं सूत्रसंचालन करते, कार्डं करण्यात हात बसलाय असं मला वाटायचं. एका रिसेप्शनला मुलीच्या वडिलांचा आवाज बसला म्हणून त्यांचं मनोगत मीच वाचायला घेतलं, कार्डं घाईत दुपारी केलेली. वाक्य होतं, व्याह्यांनी आमच्याकडे मानपान मागितला नाही. माझं कार्ड भरलं ते ‘मागितला’वर, आणि ‘नाही’ गेलं पुढच्या कार्डावर. त्यात ते पुढचं कार्ड मागच्याला चिकटलेलं. म्हणजे माईकवरून अख्ख्या हॉलला ऐकू गेलं, ‘व्याह्यांनी आमच्याकडे मानपान मागितला’, आणि मग मी नखाने कार्ड सोडवतेय, तीन-चार सेकंद सगळं शांत, व्याही स्टेजवर माझ्या शेजारीच उभे. नंतर ‘नाही’ म्हटलं तेव्हा लोक हसले, पण व्याही काही हसले नाहीत की ओ.

तर मराठीचं असंय की क्रियापद शेवटी येतं आणि ‘नाही’ तर त्याच्याही शेवटी. सगळा निकाल शेवटच्या शब्दात. म्हणून मराठी भाषणाची कार्डं करताना ओळ कुठे तोडायची हे जागा किती उरली त्यावर ठरवायचं नसतं, अर्थ कुठे पुरा होतो त्यावर ठरवायचं. ओळ अर्धी रिकामी राहिली तर राहू दे. कार्ड पाव भरलं तरी चालेल. पण क्रियापद आणि त्याचं ‘नाही’ एका ओळीत, आणि वाक्य सुरू झालं त्याच कार्डावर संपलं पाहिजे. माझ्या मते बाकी सगळे नियम एकीकडे आणि हा एक एकीकडे.

आता तुमचं पान. दोन फुलस्केप म्हणजे अंदाजे सहाशे-सातशे शब्द होतात, ते माईकवर सावकाश बोलायला सहा-सात मिनिटं लागतील, आणि तेवढा वेळ ग्लास हातात धरून कोण उभं राहणार? टोस्ट तीन मिनिटांचा. तीन मिनिटांत, थांबे धरून, साधारण अडीचशे शब्द बसतात. म्हणजे निम्म्याहून जास्त कापायचंय, आणि ते कार्डं करायच्या आधी. लोक उलटं करतात, आहे तेवढं सगळं मोठ्या अक्षरात छापतात आणि मग हातात तीस कार्डांचा गठ्ठा येतो, तो बघूनच पाहुणे जेवणाच्या रांगेकडे सरकतात.

काय कापायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण स्वागताची सात नावं आणि ‘आजच्या या मंगल प्रसंगी’वाला पहिला पॅरा गेला तरी कुणाला कळणार नाही. मला मात्र तुमचं हे वाक्य ठेवावंसं वाटलं:

‘आमची चिमणी म्हणजेच आजची नववधू हिने लहानपणापासून अत्यंत कष्टाने शिक्षण घेऊन आईवडिलांना कोणत्याही प्रकारचा त्रास न देता आज बंगळुरूसारख्या शहरात स्वतःच्या हिमतीवर नोकरी मिळवली असून तिच्या या यशामागे माझ्या बहिणीने रात्र रात्र शिलाई मशीन चालवून केलेल्या कष्टांचा मोठा वाटा आहे हे मी या ठिकाणी नमूद करू इच्छितो.’

हे एकच वाक्य आहे मामा. मोठ्याने वाचून बघा, ‘मिळवली असून’पाशी तुमचा श्वास संपेल. आणि गंमत म्हणजे भाषणातली सगळ्यात भारी गोष्ट, बहिणीचं मशीन, ती या वाक्यात पार शेवटी ‘कष्टांचा वाटा’मध्ये दबून गेलीये. हे वाक्य जसंच्या तसं तोडून दहा ओळींत लावलं तरी ते कार्ड होत नाही, कारण ‘घेऊन’, ‘न देता’, ‘असून’ अशी प्रत्येक ओळ पुढच्या ओळीच्या गळ्यात पडलेली असते, मधे कुठेच थांबता येत नाही. म्हणून आधी ते तोंडात आणायचं. कागद बाजूला ठेवा आणि बायकोला सांगा, ही चिमणी कशी शिकली ते. जे बोलाल ते मुलाला मोबाईलवर रेकॉर्ड करू द्या. तेच लिहून काढा. मी तुमच्या वाक्याचं जे केलं ते असं:

कार्ड ३

आमची चिमणी /
शिकली ती
शिलाई मशीनच्या आवाजात. //
रात्रीचे अकरा वाजले तरी
माझी बहीण मशीनवरून उठायची नाही /
आणि ही पुस्तकावरून उठायची नाही. //

कार्ड ४

आज ती बंगळुरूला
नोकरी करते. /
स्वतःच्या हिमतीवर. //
पण तिच्या पगारात /
त्या मशीनचा वाटा आहे. //
(बहिणीकडे बघ)

‘अकरा वाजले’ हे मी माझ्या मनाने घातलं, खरं काय होतं ते बहिणीला विचारून घाला. ‘नमूद करू इच्छितो’ गेलं, ‘अत्यंत कष्टाने’ गेलं, मशीन वर आलं. ‘उठायची नाही’ दोन्हीकडे एका ओळीत आहे बघा. आणि ‘पण’ ओळीच्या सुरुवातीला आहे, शेवटी नाही. ‘पण’, ‘आणि’, ‘म्हणून’ हे शब्द ओळीच्या शेवटी लटकले की माणूस तिथे आवाज वर नेऊन थांबतो, आणि पुढे काय होतं ते शोधायला खाली बघतो. ओळीच्या सुरुवातीला असले की त्यांना धरून पुढचं आपोआप येतं.

तसंच जोडीचे शब्द तोडायचे नाहीत. ‘करून दाखवलं’, ‘घेऊन आली’, ‘माझ्या बहिणीसाठी’, ‘जावयांचे आजोबा’ हे एका ओळीत. नाव एका ओळीत आणि आडनाव दुसऱ्या ओळीत असं तर अजिबात नको, स्टेजवर नेमकं आडनावच विसरतं. ओळीत तीन ते पाच शब्द बरे. दोन झाले तरी चालेल, सहा झाले तर एकदा परत बघा.

खुणांचं आता. मी फक्त दोन वापरते. एक तिरकी रेघ म्हणजे श्वास घ्या, बस. दोन तिरक्या रेघा म्हणजे तोंड मिटा, मान वर करा, लोकांकडे बघा, मनात ‘एक, दोन’ म्हणा आणि मग पुढची ओळ. तीन प्रकार, चार प्रकार, लाल-हिरवं-निळं असलं काही करू नका. मी एकदा चार रंग केले होते, नंतर स्टेजवर हिरवा म्हणजे काय हेच आठवेना. आणि रंगाची दुसरी भानगड म्हणजे हल्ली लॉनवर ते रंग बदलणारे एलईडी लाईट असतात, लाल लाईट पडला की पांढऱ्या कागदावरची लाल रेघ दिसेनाशी होते. सगळं काळ्यातच ठेवा, जाड मार्करने. रेघ उभी काढू नका, तिरकी काढा, कारण उभी रेघ लांबून सरळ कान्यासारखी दिसते, मग ‘चिमण’च्या पुढे काना आहे की थांबा आहे असा घोळ. आणि रेघ शब्दाला चिकटवू नका, बोटभर जागा सोडा.

खुणा कुठे टाकायच्या? स्वल्पविराम असेल तिथे नाही! हे सगळे करतात आणि मग भाषण अडखळत जातं. ओळी पाडून झाल्या की कार्ड तीनदा मोठ्याने वाचा, हातात पेन्सिल. जिथे तुम्हाला आपसूक श्वास घ्यावा लागला तिथे एक रेघ. दोन रेघा मात्र मोजून, एका कार्डावर एखाद-दोन, जिथे लोकांनी हसावं किंवा गप्प व्हावं असं वाटतं तिथे. वरच्या कार्डांवर मी दोन-दोन टाकल्यात, हे भाषणातलं सगळ्यात भारी ठिकाण म्हणून, सगळीकडे एवढं लागणार नाही. ‘पण तिच्या पगारात’च्या पुढे मी एक रेघ टाकलीये ती श्वासासाठी नाही खरं तर, ती लोकांसाठी आहे. ‘पगारात... काय?’ असं अर्धा सेकंद त्यांच्या मनात येऊ दे, मग मशीन. थांबा महत्त्वाच्या शब्दाच्या आधी असला की तो शब्द वाजतो, नुसता नंतर असला तर लोकांना वाटतं विसरले वाटतं मामा.

एक ठिकाण तुमच्या लक्षात आलं नसेल. ‘आमची चिमणी’ म्हटल्यावर सोलापुरात मागच्या रांगेतून कुणीतरी खुसखुसणारच. २०२३ साली विमानतळापायी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हापासून हा शब्द इथे साधा राहिला नाही. म्हणून तिथे मी एक रेघ टाकली. हसले तर हसू दे, हसणं उतरायला लागलं की पुढची ओळ, पूर्ण बंद व्हायची वाट बघायची नाही. कुणी नाही हसलं तर एक श्वास झाला, पुढे चला. कार्डावर ‘हशा’ असं लिहू नका हं, कधी नाही आला तर तो शब्दच तुमच्याकडे बघत बसतो.

आता छोट्या ओळींचा एक तोटा सांगते, कारण तो तुम्हाला नक्की होणार. छोट्या ओळी आल्या की माणूस प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबायला लागतो, शाळेत कविता म्हणायचो तसं, ‘आमची चिमणी... शिकली ती... शिलाई मशीनच्या...’. तर पक्कं ध्यानात ठेवा, ओळ संपली म्हणजे थांबा नाही. रेघ असेल तरच थांबा. रेघ नसेल तर डोळे खाली उतरतात, आवाज चालूच राहतो. हे होतंय की नाही ते स्वतःला बोलताना कळत नाही, रेकॉर्ड करून कार्ड न बघता ऐका. ओळी कुठे तुटल्यात ते ऐकताना ओळखता आलं, तर चुकतंय. ‘शिकली ती शिलाई मशीनच्या आवाजात’ हे एका दमात, सलग ऐकू आलं पाहिजे. तरीही जमत नसेल तर ज्या दोन ओळींत अडकताय त्या जोडून एक करा.

अक्षर केवढं? लोक मला आकडा विचारतात. सर्वसाधारण मोठ्या अक्षरातली पुस्तकं १८ पॉईंटच्या आसपास छापतात, पण ते पुस्तक आपण टेबलाशी बसून, उजेडात, चष्मा लावून वाचतो. तुम्ही उभे राहणार, कार्ड छातीशी धरणार, आणि माणसंही दिसायला हवीत, म्हणजे जवळचा चष्मा नकोच. म्हणून ‘पण तिच्या पगारात’ ही एकच ओळ २८, ३२ आणि ३६ अशा तीन साईजमध्ये एका कागदावर काढून घ्या. रात्री घरातली ट्यूब बंद करा, नुसता झिरोचा नको पण एक मंद दिवा ठेवा, कार्यक्रमाला जो चष्मा घालणार तोच घाला, हात कोपरात थोडा वाकवून कागद धरा. जी ओळ डोळे बारीक न करता वाचता आली ती तुमची साईज. बहुतेक ३२ येईल, माझीपण तीच आहे आणि मी तुमच्याहून दहा वर्षांनी लहान आहे. तुमचा दुहेरी काचेचा चष्मा असेल तर आणखी एक गोष्ट, वाचायची काच खाली असते, कार्ड छातीच्या वर धरलं तर तुम्ही वरच्या लांबच्या काचेतून बघता आणि अक्षर पुसट होतं, मग माणूस मान मागे टाकून नाकाखालून वाचतो, फोटोत फार वाईट दिसतं. अशावेळी कार्ड खाली आणण्यापेक्षा अक्षर वाढवा.

कार्ड ए-फाईव्हचं घ्या, म्हणजे नेहमीचा ए-फोर कागद मधोमध कापला की जो अर्धा होतो तो, आडवा धरून. ३२ साईजमध्ये त्यावर सहा ओळी आरामात बसतात आणि तेवढ्याच बसवायच्या, सातवी कोंबायची नाही. फॉन्ट साधा, जाडीला एकसारखा घ्या, Mukta किंवा Noto Sans Devanagari फुकट मिळतात. लग्नपत्रिकेवरचा नक्षीदार फॉन्ट नको. आणि देवनागरी फॉन्टमध्ये मात्रा-उकारांसाठी वर-खाली जागा आधीच सोडलेली असते, म्हणून लाईन स्पेसिंग आधी सिंगल ठेवून बघा, इंग्रजीच्या सवयीने मुलगा दीड करेल तर तीन-चार ओळींतच कार्ड संपेल. अक्षरं ठळक केली तर ‘ष्ट’, ‘द्ध’ असली जोडाक्षरं बुजतात, तेव्हा सगळं बोल्ड नको.

झेरॉक्सवाल्याकडे दोन घोटाळे होतात. एक म्हणजे मुलाने मोबाईलवर युनिकोडमध्ये टाईप केलेलं तो आपल्या जुन्या श्रीलिपीत नेतो आणि अक्षरांचा कचरा होतो, म्हणून घरूनच पीडीएफ करून न्या. दुसरा जास्त वाईट, कारण तो लगेच दिसत नाही. मुलगा ए-फोरवर ३२ ने टाईप करतो आणि दुकानात ‘एका कागदावर दोन पानं’ असं सांगतो. मशीन ते बारीक करून बसवतं, साधारण ७० टक्क्यांवर, आणि तुमच्या ३२ चे २२-२३ होतात. घरी ट्यूबखाली ठीक वाटतं, लॉनवर गेल्यावर कळतं. म्हणून पान सेटिंगमध्येच ए-फाईव्ह आडवं घ्या, प्रिंटला ‘फिट’ न करता १०० टक्के सांगा, आणि पहिलं कार्ड आलं की तुमच्या त्या टेस्टच्या ओळीवर ठेवून अक्षराला अक्षर जुळतं का बघा, मगच बाकीची काढू द्या.

कागद २५० जीएसएमच्या आसपासचा कार्डशीट, चकचकीत नको, मॅट, मोतिया रंगाचा मिळाला तर उत्तम. लॅमिनेशन करा म्हणून दुकानदार मागे लागेल, करू नका, व्हिडिओवाल्याचा फोकस त्यावर पडला की नुसता पांढरा डाग दिसतो. प्रिंट लेझरची घ्या. इंकजेटची शाई उन्हाळ्यात घामट अंगठ्याला लागते आणि मग तो अंगठा शेरवानीला. एका बाजूलाच छापा. पाठीमागे छापलं तर कुठली बाजू झाली नि कुठली राहिली हे स्टेजवर कुणालाच सांगता येत नाही, मला तर नाहीच. प्रत्येक कार्डाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात मोठा आकडा, ‘३/१२’ असा, म्हणजे पडली तर लावता येतील आणि किती राहिली तेही कळेल. डाव्या वरच्या कोपऱ्यात एक भोक आणि त्यातून सैल ऑफिसचा टॅग, फाईलींना लावतात तो. लॉनवर तुमच्यापुढे जंबो कूलर लावलेला असणार, सुट्टी कार्डं उडून थेट मठ्ठ्याच्या भांड्यात जातील.

अडीचशे शब्द, कार्डाला वीसेक शब्द, म्हणजे बारा-तेरा कार्डं होतात आणि एका कार्डाला साधारण पंधरा सेकंद. घड्याळ लावून बघा, एखादं कार्ड तीस सेकंद घेत असेल तर त्यात दोन कार्डांचा मजकूर आहे, फोडा.

आकडे कार्डावर अक्षरात लिहा, जसे बोलता तसे. ‘१९९६’ दिसलं की माणूस क्षणभर विचार करतो, ‘शहाण्णव साली’ दिसलं की बोलून मोकळा होतो. आणि जावयांच्या घरासाठी तुम्ही तेलुगूत नमस्कार करणार म्हणताय ते फार छान, तो देवनागरीत कानाला येतो तसा लिहा, पहिल्या कार्डावर एकटाच:

अंदरिकी /
नमस्कारम. //

तिथे टाळ्या पडतील, पूर्व भागातली मंडळी मोकळी आहेत, म्हणून दोन रेघा. त्याच्याखाली दुसरं काही लिहू नका, टाळ्या चालू असताना डोळे पुढची ओळ वाचून टाकतात आणि तोंड ऐकत नाही. उच्चार मात्र जावयांच्या आईंकडून आधी एकदा घोटून घ्या.

आता राहिला हाताचा प्रश्न, आणि हा मला तुमच्या पत्रात सगळ्यात अवघड वाटला. एका हातात माईक, एका हातात कार्डं, मग कार्ड उलटणार कुठल्या हाताने आणि ग्लास धरणार कुठल्या? साऊंडवाल्याला आदल्या दिवशीच फोन करून माईकचा स्टँड सांगा, ‘बघू की’ म्हणाला तर परत फोन करा. स्टँड असला की डाव्या हाताने कार्डं धरायची आणि उजव्याने वरचं कार्ड टॅगवरून मागे टाकायचं. कार्ड उलटायचं ते दोन रेघांच्या थांब्यात, बोलता बोलता नाही, म्हणून शक्यतो प्रत्येक कार्डाच्या शेवटी दोन रेघा येतील असं बघा. स्टँड नाहीच मिळाला तर भाचा-पुतण्या कुणीतरी शेजारी उभा राहून माईक धरेल, पण त्याला एकदा सरावाला बसवा नाहीतर तो माईक घेऊन नवरीकडेच बघत बसतो. घरी सराव करताना उजव्या हातात लाटणं घेऊन एकदा करून बघा, माईक हातात असताना कार्ड किती उलटतं ते लगेच कळेल. हात थरथरतो म्हणालात, जाड कार्ड पातळ कागदासारखं फडफडत नाही, आणि कोपर बरगडीला टेकवलं तर आणखी कमी दिसतं.

सरावाला बाकी वेगळं काही नाही, पण छापलेल्या कार्डांवरच करा, मूळ पानावर नको. ओळ कार्डावर कुठे आहे हे डोळ्याला पाठ होतं, वर आहे की खाली आहे, त्यामुळे मान वर करून परत खाली आणली की नजर बरोबर तिथेच पडते. म्हणूनच आदल्या रात्री शब्द बदलून नवीन प्रिंट काढू नका. एखादा शब्द बदलायचाच असेल तर त्याच कार्डावर काट मारून मार्करने वर लिहा.

आणि शेवटचं कार्ड. त्यावर भाषण लिहायचंच नाही. टोस्टचं शेवटचं वाक्य, ज्यावर सगळे ग्लास वर करणार, ते कार्डातून वाचलं तर तुमचे डोळे खाली असतील आणि लोकांना कळणारच नाही की आता उचलायचे की अजून आहे. ते वाक्य पाठ हवं आणि आठ-दहा शब्दांच्या वर नको. तुम्ही पानाच्या तळाशी लिहिलंय ना, ‘चिमणे, मशीन आता बंद आहे, पण दार उघडं आहे’, तेच घ्या, त्याला हात लावू नका. कार्डावर फक्त एवढं:

कार्ड १२/१२

कार्डं टेबलावर. /
ग्लास हातात. /
चिमणीकडे बघ. //

मात्र टेबल आणि त्यावर भरलेला ग्लास तुमच्या उजव्या हाताशी ठेवायला कुणाला तरी नाव घेऊन सांगून ठेवा. केटरिंगची पोरं रिकामा दिसला की उचलतात, भरलेला दिसला तरी उचलतात. कोकम सरबत असलं आणि शेरवानी पांढरी असली तर अर्धाच भरायला सांगा.